पत्रकार व्हावं की डॉक्टर? सिनेमे पाहून ठरवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिनेमा पाहून करिअर ठरवता येतं का?

ठरवता येत नाही. मात्र एका गोष्टीचा अंदाज नक्की येतो: त्या कामातला कंटाळा आपल्याला झेपेल का? प्रत्येक पेशात थरार थोडा आणि रटाळ काम पुष्कळ असतं. सिनेमा थरार ठेवतो आणि रटाळ भाग संकलनाच्या टेबलावर कापतो. चांगल्या सिनेमात त्या कापलेल्या भागाचे धागे तरी दिसत राहतात. पुढची सगळी उत्तरं हे धागे कसे शोधायचे याबद्दल आहेत.

मी स्वतः बरीच वर्षं बातमीदार आणि नंतर उपसंपादक होतो. त्यामुळे पत्रकारितेवर जास्त बोललोय आणि डॉक्टरांबद्दल जे लिहिलंय ते घरातल्या डॉक्टरांकडून तपासून घेतलंय. बाकीच्या पेशांचं एका उत्तरात उरकलंय.

पत्रकारितेवरचा एकच सिनेमा पाहायचा तर कोणता?

‘स्पॉटलाइट’ (2015). दिग्दर्शक टॉम मॅकार्थी. त्या वर्षीच्या सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर त्याला मिळालं, पण मी तो सुचवतो त्याचं कारण निराळं आहे. त्यात एकही पाठलाग नाही, कोणी बातमीदारावर पिस्तूल रोखत नाही, आणि तरी दोन तासांहून जास्त वेळ आपण खिळून राहतो.

गोष्ट खरी आहे. ‘बॉस्टन ग्लोब’ या अमेरिकी दैनिकात चार जणांचा एक छोटा शोधपथक-विभाग होता, त्याचं नाव स्पॉटलाइट. 2001 च्या उन्हाळ्यात मार्टी बॅरन हे नवे संपादक आले. लहान मुलांवर अत्याचार केल्याचे आरोप असलेल्या एका धर्मगुरूच्या खटल्यातली कागदपत्रं न्यायालयाने बंद ठेवली होती, आणि ती मिळवण्याचा प्रयत्न आपण का केला नाही, असं त्यांनी विचारलं. तिथून काम सुरू झालं आणि पहिली मोठी बातमी 6 जानेवारी 2002 ला छापून आली. पुढच्या वर्षी वृत्तपत्राला सार्वजनिक सेवेसाठीचा पुलित्झर पुरस्कार मिळाला. विषय जड आहे, तेव्हा शाळकरी वयातल्यांनी घरातल्या मोठ्यांसोबत पाहावा.

‘स्पॉटलाइट’ पाहताना नेमकं काय टिपून ठेवायचं?

माझ्या भाचीने बारावीच्या सुट्टीत केलेला प्रयोग सांगतो. तिने वहीच्या पानावर उभी रेघ मारून दोन रकाने केले. डावीकडे लिहायचं, पडद्यावरच्या माणसाचे हात काय करतायत. उजवीकडे लिहायचं, या कामाला प्रत्यक्षात किती वेळ लागला असेल. भावना, संवाद, पार्श्वसंगीत यातलं काहीच लिहायचं नाही.

डावा रकाना भरल्यावर आमच्या लक्षात आलं की निम्म्याहून जास्त ओळी फोन, दारावरची टकटक, वही आणि कागद यांच्याच होत्या. त्यातला एक प्रसंग नीट उलगडून सांगतो, कारण शोधपत्रकारितेचं सगळं गणित त्यात आहे.

चर्च दरवर्षी आपल्या धर्मगुरूंची निर्देशिका छापत असे. कोण कोणत्या चर्चमध्ये नेमलेला आहे, याची ती जाडजूड पुस्तकं, त्यात गुपित असं काहीच नव्हतं. पथकाकडे आधीपासून काही आरोपितांची नावं होती. ती नावं जुन्या निर्देशिकांत शोधताना दिसलं, की आरोप झालेला माणूस एका गावातून एकाएकी हलवला जातो आणि त्याच्या नावापुढे ‘आजारी रजेवर’ किंवा ‘नेमणूक नाही’ असा शेरा येतो. मग त्यांनी उलटं काम केलं. सगळ्या वर्षांच्या सगळ्या निर्देशिका घेतल्या, पानावर पट्टी ठेवली, एकेक ओळ वाचत हे शेरे असलेली नावं वेगळी काढली आणि संगणकावरच्या तक्त्यात भरली.

त्याआधी या विषयाचा अनेक वर्षं अभ्यास केलेल्या एका तज्ज्ञाने फोनवर अंदाज सांगितलेला असतो: धर्मगुरूंपैकी सुमारे सहा टक्के मुलांवर अत्याचार करणारे असतात. शहरात धर्मगुरू अंदाजे 1500, म्हणजे 90 नावं निघायला हवीत. तक्त्यात निघतात 87.

पडद्यावर हे मोजणं काही मिनिटांत संपतं आणि अंगावर काटा येतो. भाचीने उजव्या रकान्यात आधी ‘दोन दिवस’ लिहिलं. मी तिला घरातली एक जुनी जाड सूची दिली आणि एका विशिष्ट शेऱ्याची नावं काढायला सांगितली. चाळीस पानं झाल्यावर तिने पेन खाली ठेवलं. मग ‘दोन दिवस’ खोडून ‘कित्येक आठवडे’ लिहिलं. शिवाय इतकं करून हाती आली ती फक्त नावं. आजारी रजेवर गेलेला माणूस खरंच आजारी असू शकतो. त्यामुळे प्रत्येक नावासाठी पीडित, वकील किंवा कागद यांपैकी कुठून तरी दुजोरा मिळवावा लागला.

चित्रपटाची लांबी 129 मिनिटं, प्रत्यक्ष काम सुमारे पाच महिन्यांचं. हे प्रमाण डोक्यात ठेवून परत पाहा.

त्यात बातमीदार बातमी लवकर छापा म्हणून भांडतो. संपादक अडवतात ते बरोबर आहे का?

हा प्रश्न बहुतेक सगळे विचारतात, आणि बहुतेकांचं मत बातमीदाराच्या बाजूने असतं. माझंही विशीत तसंच होतं.

कागद हाती आलेले असतात, वरच्यांना सगळं ठाऊक होतं हे त्यातून दिसत असतं, आणि दुसऱ्या वृत्तपत्राने आधी छापलं तर बातमी हातची जाणार असते. तरीही पथकप्रमुख थांबायला सांगतो. संपादकांची भूमिका अशी, की एकेका गुन्हेगाराच्या बातम्या छापल्या तर चर्च माफी मागेल, तो माणूस बाजूला करेल आणि कारभार जसाच्या तसा चालू राहील. त्यांना हवी होती ती पद्धत उघडी पाडणारी बातमी. थांबण्याची किंमतही सिनेमा लपवत नाही, कारण मधल्या काळात आणखी मुलांना इजा होऊ शकते हे सगळ्यांना माहीत असतं.

तुम्हाला त्या खोलीत बसल्यासारखं वाटून दोन्ही बाजू पटत असतील, तर या कामात तुमचं मन रमण्याची शक्यता आहे. ‘छापून टाका की, काय एवढं!’ एवढंच वाटत असेल तर अजून दोन-तीन वर्षं आहेत हातात.

याच सिनेमातला आणखी एक धागा सहज निसटतो. 11 सप्टेंबरचा हल्ला होतो आणि पथकाचं सगळं काम बाजूला पडतं, सगळे त्या बातमीवर जातात. आठवडेच्या आठवडे लोकांना बोलतं केलेलं असतं, आणि आता त्यांनाच फोन करून सांगायचं की तुमची गोष्ट जरा थांबवलीय. हा फोन करणं मला स्वतःला फार जड जायचं.

‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’ खूप जुना आहे. पाहावा का?

पाहावा. 1976 चा आहे, दिग्दर्शक ॲलन पाकुला. ज्यामुळे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हावं लागलं, ते वॉटरगेट प्रकरण खणून काढणाऱ्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या दोन बातमीदारांची गोष्ट. तंत्र जुनं झालं, पण फोनवर समोरच्याला बोलतं ठेवण्याचं कसब तेच आहे. एक सावधगिरी बाळगा: ‘पैशाचा माग काढा’ हा त्यातला गाजलेला सल्ला पटकथाकार विल्यम गोल्डमन यांच्या लेखणीतून उतरला, बातमीदारांच्या मूळ पुस्तकात तो नाही. अंधाऱ्या पार्किंगमध्ये एका वाक्यात किल्ली देणारा सूत्र आयुष्यभर भेटला नाही असे उत्तम बातमीदार मी पाहिलेत.

पत्रकारितेची वाईट बाजू दाखवणारा एखादा?

‘शॅटर्ड ग्लास’ (2003). माझ्या मते नव्या मुलांनी ‘स्पॉटलाइट’च्याही आधी हा पाहावा.

स्टीफन ग्लास हा ‘न्यू रिपब्लिक’ या अमेरिकी नियतकालिकाचा पंचविशीतला लाडका लेखक. बैठकीत तो इतके मजेदार किस्से सांगे की बाकीच्यांना आपल्या बातम्या फिक्या वाटत. 1998 मध्ये त्याने एका शाळकरी हॅकरची गोष्ट लिहिली: कंपनीची यंत्रणा त्याने फोडली आणि कंपनीने शिक्षा करण्याऐवजी त्याला नोकरी देऊ केली. ‘फोर्ब्स’च्या ऑनलाइन आवृत्तीच्या बातमीदाराने तिचा पाठपुरावा करायला घेतला. त्याला कंपनी सापडेना, मुलगा सापडेना, ज्या परिषदेचा उल्लेख होता तीही सापडेना. चौकशीअंती ग्लासच्या 41 लेखांपैकी 27 लेखांत पूर्ण किंवा काही भाग बनावट निघाला.

इथे शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे तपासणीतली फट. त्या नियतकालिकात मजकूर तपासणारा विभाग होता आणि ग्लासला त्याची पद्धत आतून माहीत होती. तपासणारे बाकी सगळं पडताळत, पण बातमीदाराने स्वतः पाहिलेल्या-ऐकलेल्या प्रसंगांना पुरावा एकच: त्याची वही. त्याने वहीच खोटी लिहिली. नंतर खोटं संकेतस्थळ बनवलं, आणि कंपनीचा अधिकारी म्हणून स्वतःच्या भावाला फोनवर उभं केलं.

पाहताना संपादक चक लेनकडे लक्ष ठेवा. तो आरडाओरडा करत नाही. जिथे परिषद झाली म्हणे, त्या इमारतीत ग्लासला घेऊन जातो आणि ‘तू कुठे बसला होतास?’ असं विचारतो. डेस्कवरच्या माणसाचं काम याहून स्वच्छ मी पडद्यावर पाहिलेलं नाही. तुम्हाला बाहेर भटकण्यापेक्षा हे विचारणं आवडलं, तर उपसंपादक किंवा तथ्यतपासनीस हीसुद्धा पत्रकारिताच आहे. बातमीवर आपलं नाव छापून येत नाही, एवढंच.

डॉक्टरांच्या सिनेमांत सगळ्यात जास्त खोटं काय असतं?

बंद पडलेलं हृदय सुरू होणं.

याची मोजणी झालेली आहे. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 1996 साली एक लेख आला. संशोधकांनी रुग्णालयांवरच्या आणि बचावकार्यावरच्या तीन लोकप्रिय अमेरिकी मालिकांचे 97 भाग पाहिले. त्यात छाती दाबून हृदय सुरू करण्याचे 60 प्रसंग होते. 75 टक्के रुग्ण त्या क्षणी वाचले आणि 67 टक्के घरी गेल्यासारखे दाखवले. प्रत्यक्षात रुग्णालयातच हृदय बंद पडलेल्यांपैकीसुद्धा घरी जाणारे साधारण चार-पाचांत एक, आणि रुग्णालयाबाहेर त्याहून बरेच कमी. पडद्यावर असे रुग्ण बरेचदा तरुण आणि अपघातातले असतात, वॉर्डात ते बहुधा वयस्कर आणि आधीच आजारी असतात.

दुसरी खूण ओळखायला सोपी आहे. मॉनिटरवर सरळ रेघ येते, डॉक्टर ओरडतो, विजेचा झटका देतात, रुग्ण उसळतो. सरळ रेघेला झटका देत नाहीत. तिथे हृदयात विजेची हालचालच उरलेली नसते. झटका उपयोगी पडतो तो हृदय वेडंवाकडं थरथरत असताना, ती थरथर थांबवून नीट ठेका परत येण्याची संधी देण्यासाठी. सरळ रेघेला छाती दाबत राहायची आणि औषध द्यायचं. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. दोन मिनिटांत दाबणाऱ्याचा दम निघतो, म्हणून माणसं बदलावी लागतात. कधी बरगड्या मोडतात. पडद्यावरचा नायक मात्र कोपर वाकवून हलकेच दाबतो, कारण खाली जिवंत नट असतो! याला इलाज नाही.

हे सांगण्याचं कारण चुका काढणं नव्हे. डॉक्टर होण्याची इच्छा कुणाला तरी परत आणण्याच्या त्या क्षणावर उभी असेल, तर तो क्षण किती वेळा येतो आणि किती वेळा येत नाही, हे आधी ठाऊक हवं.

मग डॉक्टरकीचं खरं चित्र कुठे मिळेल?

‘इपोक्रात’ (2014) हा फ्रेंच चित्रपट शोधा. दिग्दर्शक तोमा लिल्ती स्वतः डॉक्टर. बेंजामिन नावाचा नवशिका डॉक्टर वडिलांच्याच विभागात कामाला लागतो. एका रात्री दारूच्या व्यसनामुळे वॉर्डाला ओळखीचा झालेला रुग्ण पोटदुखीची तक्रार करतो. ईसीजी काढायला हवा, पण यंत्र बिघडलेलं आहे. बेंजामिन वेदनाशामक देतो. सकाळपर्यंत रुग्ण दगावतो. त्यानंतर वरिष्ठ गोष्ट सावरून घेतात.

बेंजामिनने केलं ते अक्षम्य आहे का? रात्रपाळी, बिघडलेलं यंत्र, ‘याचं नेहमीचंच आहे’ म्हणून मनात आधीच बसलेलं मत. यातली प्रत्येक गोष्ट साधी आहे, आणि अशाच साध्या गोष्टी एकत्र येऊन माणूस जातो. त्याच वॉर्डात अब्देल नावाचा परदेशात शिकलेला, जास्त अनुभवी डॉक्टर कमी दर्जाच्या जागेवर राबतोय, तोही धागा पाहा. आमच्या घरातली निवासी डॉक्टर म्हणाली, पहिल्यांदाच पडद्यावर डॉक्टर दमलेला दिसला, थकल्याचा अभिनय करताना नाही.

धीर असेल तर फ्रेडरिक वाइजमनचा माहितीपट ‘निअर डेथ’ (1989) पाहा. बॉस्टनच्या एका रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग, जवळजवळ सहा तास, निवेदन नाही, संगीत नाही. त्यात डॉक्टर मुख्यतः बोलतात: नातेवाइकांशी, परिचारिकांशी, एकमेकांशी. यंत्र चालू ठेवायचं की काढायचं, याबद्दल पुन्हा पुन्हा तेच बोलणं. एका दमात कोणी पाहत नाही, मीही चार बैठकांत पाहिला.

‘आनंद’ पाहून मला डॉक्टर व्हावंसं वाटलं. हे कारण फारच भाबडं आहे का?

भाबडं नाही, फक्त अर्धं आहे. 1971 चा तो सिनेमा आपल्याला आठवतो तो भास्कर आणि आनंदच्या मैत्रीमुळे. परत पाहताना सुरुवात नीट पाहा. भास्कर चिडलेला आहे, कारण समोरच्या रुग्णांना झालेला आजार गरिबीचा आहे आणि त्यावर त्याच्याकडे गोळी नाही. रमेश देवांचा डॉ. कुलकर्णी श्रीमंतांच्या काल्पनिक आजारांना औषध देतो आणि त्या पैशावर गरिबांना तपासतो. पेशाची खरी चर्चा त्या दोघांत चाललेली असते.

आणि एक साधी गोष्ट: सिनेमात भास्करला मुख्यतः एकच रुग्ण आहे. तुम्हाला एका आनंदसाठी रात्रभर जागायला आवडेल. त्याच रात्री आणखी तीस जण असतील, त्यांतले काही चिडके, काही खोटं बोलणारे, तर तेव्हा काय वाटेल, हा विचार करून पाहा.

पडद्यावर रक्त पाहून मला गरगरतं. म्हणजे डॉक्टरकी बाद?

नाही. रक्त पाहून रक्तदाब क्षणभर खाली जाणं ही शरीराची प्रतिक्रिया आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांनाही सुरुवातीला चक्कर येते आणि बहुतेकांची सवयीने जाते. उलट, पडद्यावर काहीच वाटलं नाही म्हणूनही खूश होऊ नका. तिथे वास नसतो.

मुलगी सिनेमे पाहून पत्रकार व्हायचं म्हणते. आम्ही काय करावं? (एका पालकांचा प्रश्न)

‘ते सिनेमातलं असतं’ असं म्हणू नका, तेवढं तिलाही कळतं. तिला एक छोटं काम द्या: तुमच्या भागातला एखादा रखडलेला प्रश्न घेऊन तीन अनोळखी माणसांशी बोलायचं, त्यातल्या एकाला तिच्याशी बोलण्याची इच्छा नसावी. मग त्यांची नावं, पदं, आकडे तपासून तीनशे शब्द लिहायचे. नकार ऐकून दुसऱ्यांदा दार वाजवायला जाते का, ते पाहा. जात नसेल तर लेखनाची आवड आणि बातमीदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिचं तिलाच उमगेल.

वकिली किंवा इतर पेशांसाठी ही पद्धत चालते का?

चालते, आणि वकिलीसाठी तर घरचंच उत्तम उदाहरण आहे: चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (2014). एका लोकशाहिरावर, त्याच्या गाण्यामुळे सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. जोरदार भाषणं नाहीत. सरकारी वकील एकसुरात कलमं वाचतात, तारखा पडतात, बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका बाईंचं प्रकरण त्या दिवशी ऐकलंच जात नाही. कॅमेरा वकिलांच्या मागे घरापर्यंत जातो: सरकारी वकील बाई संध्याकाळी घरी पोचून स्वयंपाकाला लागतात. दोन रकान्यांची वही घेऊन बसायला याहून सोपा सिनेमा मिळणार नाही, कारण रटाळ भाग यात कापलेलाच नाही.

पाहून झाल्यावर त्या क्षेत्रातल्या माणसाला काय विचारू?

‘तुमचं काम कसं असतं?’ असं विचारलंत तर उत्तरादाखल भाषण मिळेल. त्याऐवजी विचारा, ‘काल दुपारी दोन ते पाच तुम्ही काय केलंत?’ आणि शक्य असेल तर सिनेमातला एखादा प्रसंग त्यांच्यासोबत पाहा. ते कुठे हसतात ते टिपून ठेवा.

आमच्या निवासी डॉक्टरला भाचीने हे विचारलं. उत्तर असं होतं: दोन डिस्चार्ज कार्डं लिहिली. एक हरवलेला रक्ताचा रिपोर्ट शोधत तीन मजले फिरले, तो शेवटी शेजारच्या केसपेपरमध्ये निघाला. एका आजोबांच्या मुलाला तीच गोष्ट चौथ्यांदा समजावली, कारण आधीच्या तीन वेळा दुसरे भाऊ आले होते. मधे एकाची सलाईनची सुई निघाली होती, ती परत लावली. चहा सांगितला होता, तो प्यायचा राहिला.

भाचीने हे सगळं डाव्या रकान्यात उतरवून घेतलं. उजव्यात लिहिलं, ‘तीन तास’.